टॉवेलच्या मागच्या कागदावर पट्टे दिसतात तेव्हा: आठ बिट आउटपुट ठेवावे की दहा?

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणारे जे कारखाने आहेत, त्यांच्या कॅटलॉगची छायाचित्रे काढून ती संगणकावर तयार करण्याचे काम सोलापुरात आमच्यापैकी बरेच जण करतात. मांडणी बहुधा ठरलेली असते: मेजावर टॉवेलांची घडी, मागे करड्या कागदाचा मोठा ताव, आणि वरून सोडलेला प्रकाश त्या कागदावर खाली येईपर्यंत हळूहळू मंद होत गेलेला. उजळ करड्यापासून गडद करड्यापर्यंतचा हा उतार प्रत्यक्षात सलग असतो. मॉनिटरवर मात्र कागदाच्या खालच्या, गडद भागात जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात, आणि कितीही वेळा ब्रश फिरवला तरी ते जात नाहीत. यालाच आपण बँडिंग म्हणतो. ही तक्रार माझ्याकडे दर हंगामात कोणी ना कोणी घेऊन येते, म्हणून या वेळी नवी पेठेतील एका धाकट्या मित्राच्या संगणकावर आम्ही जे केले ते क्रमाने लिहीत आहे.

त्याने 27 इंची फोर-के मॉनिटर नुकताच घेतला होता. त्याचा फोन आला तेव्हा आवाजात काळजी होती. "अण्णा, खोक्यावर दहा बिट आणि एक अब्ज रंग असं छापलंय, तरी कागदावरचे पट्टे जसेच्या तसे आहेत. मॉनिटर परत करू का?" मी त्याला म्हणालो, "परत करू नकोस. आधी एक पट्टा किती रुंद दिसतो ते मोज, मग दोष कुठे आहे ते सांगता येईल."

पट्टा मोजायला सांगण्यामागे कारण होते. आठ बिट म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या या प्रत्येक रंगासाठी 256 पायऱ्या. दहा बिट म्हणजे 1024. फाइलपासून मॉनिटरच्या पॅनेलपर्यंत ही संख्या एका साखळीतून जाते: फाइल, फोटोशॉप, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, केबल, आणि शेवटी मॉनिटर. यातील एक कडी जरी आठ बिटांची असली, तरी पुढच्या सर्व कड्यांना 256 पायऱ्यांवरच समाधान मानावे लागते. मॉनिटर ही साखळीतील फक्त शेवटची कडी आहे, आणि खोक्यावरची ओळ त्या एकाच कडीबद्दल असते.

पट्टे गडद भागातच का दिसतात, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण त्यावरूनच दहा बिटांची खरी गरज कोठे आहे ते कळते. 0 ते 255 या मापावर करडा रंग 50 वरून 51 वर गेला की मॉनिटरचा उजेड सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. तोच 200 वरून 201 वर गेला तर वाढ एक टक्क्याच्या थोडीच वर असते. शेजारी शेजारी असलेल्या दोन सपाट रंगांतील चार टक्क्यांचा फरक डोळ्याला सहज दिसतो, एक टक्क्याचा मात्र जेमतेम. दहा बिटांमध्ये या प्रत्येक पायरीचे चार भाग होतात, म्हणजे 50 च्या आसपासची पायरीही एक टक्क्यावर येते. त्यामुळे कागदाचा वरचा उजळ भाग आठ बिटांतही सलग दिसतो आणि खालचा कोपरा पट्ट्यांनी भरतो.

आधी फाइल निर्दोष आहे का ते पाहावे

बहुतेक जण येथेच घाई करतात आणि थेट ड्रायव्हरच्या खटपटीला लागतात. फाइलमध्येच पायऱ्या पडलेल्या असतील, तर कोणतेही आउटपुट त्या घालवू शकत नाही. याची खात्री करायला फोटोशॉपमधील `Info` पॅनेल पुरेसे आहे. ते F8 दाबून उघडावे, त्यातील आयड्रॉपरच्या लहान चिन्हावर क्लिक करावे आणि आकडे 16-bit मध्ये दाखवण्याचा पर्याय निवडावा. आता आकडे 0 ते 255 ऐवजी 0 ते 32768 या मापात दिसू लागतात. आयड्रॉपरचा नमुना एका बिंदूचा न ठेवता 11 by 11 Average ठेवावा, नाहीतर कॅमेऱ्याच्या नॉइजमुळे आकडे थरथरत राहतात.

त्यानंतर कर्सर एका पट्ट्याच्या आत, उताराच्या दिशेने सावकाश सरकवावा. डोळ्याला रंग एकच दिसत असताना आकडा सतत बदलत असेल, तर फाइलमध्ये उतार शाबूत आहे आणि पायऱ्या पुढे कोठेतरी पडत आहेत. पट्टाभर आकडा तोच राहून पट्ट्याच्या कडेला सुमारे 128 ने उडी घेत असेल, तर फाइल कधीतरी आठ बिटांतून गेलेली आहे. `Image > Mode` मध्ये आता 16 बिट दिसत असले, तरी त्यावर विसंबू नये, कारण आठ बिटांची फाइल सोळा बिटांत बदलल्याने गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. अशा वेळी रॉ फाइलपासूनच पुन्हा सुरुवात करावी लागते. लाइटरूम क्लासिकमधून फाइल फोटोशॉपमध्ये पाठवणाऱ्यांनी `Preferences > External Editing` मधील `Bit Depth` 16 वर आहे का ते एकदा पाहून घ्यावे. माझ्या पाहण्यात आलेल्या बऱ्याच खराब फाइली तेथे 8 राहिल्यामुळे झालेल्या होत्या.

मित्राच्या फाइलमध्ये आकडे व्यवस्थित बदलत होते. दोष पुढे होता. त्याच्या फाइलबाबत एक गोष्ट मात्र लक्षात आली. त्याने मागच्या कागदावरील नॉइज अगदी साफ करून टाकला होता. कॅमेऱ्याचा बारीक नॉइज पायऱ्यांच्या कडा विसकटून टाकतो, त्यामुळे आठ बिटांच्या मॉनिटरवरही उतार सलग भासतो. तो नॉइज पुसला की पायरी उघडी पडते. कॅटलॉगची छायाचित्रे "स्वच्छ" करण्याच्या आपल्या सवयीमुळे बँडिंग वाढते, हे मी आवर्जून सांगतो.

मोजपट्टी म्हणून एक चाचणीची फाइल

खऱ्या छायाचित्रावर पट्टे मोजणे कठीण जाते, म्हणून एक चाचणीची फाइल करावी. फोटोशॉपमध्ये 3000 पिक्सेल रुंद, 600 पिक्सेल उंच, 16 बिटांची नवीन फाइल घ्यावी. ग्रेडियंट टूल निवडून `Method` मध्ये `Classic` ठेवावे आणि `Dither` समोरची खूण काढून टाकावी. ती राहिली तर फोटोशॉप स्वतःच पायऱ्यांच्या कडा विसकटतो आणि चाचणी फसते. डावीकडे करडा 40 आणि उजवीकडे करडा 70 असा सरळ उतार पूर्ण रुंदीवर ओढावा. मग फाइल 100 टक्के आकारात पाहावी.

40 ते 70 या अंतरात आठ बिटांच्या तीस पायऱ्या येतात, म्हणून साखळीत कोठेही आठ बिट असतील तर प्रत्येक पट्टा सुमारे 100 पिक्सेल रुंद दिसतो. 27 इंची फोर-के मॉनिटरवर ही रुंदी दीड सेंटिमीटर भरते, म्हणजे ती साध्या फूटपट्टीने मोजता येते. साखळी दहा बिटांची असेल तर त्याच जागेत 120 पायऱ्या येतात आणि पट्टा 25 पिक्सेलांचा, चार मिलिमीटरच्या आसपास होतो. तो इतका फिका असतो की खोलीत अंधार करून पाहिले तरी पुष्कळांना दिसत नाही. पट्ट्यांची रुंदी थोडी कमीजास्त होणे स्वाभाविक आहे, कारण मॉनिटरच्या प्रोफाइलनुसार रंग बदलून दाखवले जातात. मात्र 100 आणि 25 यांच्यात गफलत होत नाही.

मित्राने मोजले. पट्टा दीड सेंटिमीटर भरला. म्हणजे दहा बिटांचा मॉनिटर असूनही चित्र तेथे आठ बिटांनी पोहोचत होते.

केबल आणि ड्रायव्हर: येथेच बहुतेकांची गाडी अडते

विंडोजमध्ये `Settings > System > Display > Advanced display` येथे त्या क्षणी मॉनिटरकडे किती बिट जात आहेत ते लिहिलेले असते. त्याच्याकडे `Bit depth` समोर 8-bit असे होते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `Change resolution` या पानावर `Use NVIDIA color settings` निवडल्यावर `Output color depth` बदलता येते, पण `Output color format` RGB असताना त्या यादीत 8 bpc हा एकच पर्याय दिसत होता. एएमडीच्या कार्डावर हीच गोष्ट त्यांच्या सॉफ्टवेअरमधील `Color Depth` या नावाखाली सापडते.

यादीत 10 का नव्हते, याचे उत्तर केबलमध्ये होते. मॉनिटर एचडीएमआय 2.0 ने जोडलेला होता. या जोडणीतून सेकंदाला सुमारे 14.4 गिगाबिट इतकी चित्राची माहिती जाऊ शकते. फोर-के चित्र सेकंदाला 60 वेळा, आठ बिट आरजीबीमध्ये पाठवायला सुमारे 14.3 गिगाबिट लागतात, म्हणजे ते काठोकाठ बसते. तेच चित्र दहा बिटांत पाठवायचे तर सुमारे 17.8 लागतात, आणि तेवढी वाट एचडीएमआय 2.0 मध्ये नाहीच. केबल महाग घेतल्याने यात काही फरक पडत नाही, कारण मर्यादा तारेची नसून जोडणीच्या त्या आवृत्तीची आहे.

मित्राने या अडचणीवर स्वतःच एक तोड काढली होती आणि ती त्याने मला अभिमानाने दाखवली. `Output color format` मध्ये YCbCr422 निवडले की यादीत 10 bpc आणि 12 bpc दिसू लागतात. त्याने 10 निवडले, विंडोजनेही 10-bit दाखवले, आणि त्याला वाटले की काम झाले. पण 4:2:2 या प्रकारात उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती आडव्या दिशेने निम्मी केली जाते. जागा वाचते ती त्यातूनच. पांढऱ्या टॉवेलच्या गडद लाल काठाजवळ आम्ही चित्र 100 टक्क्यांवर नेले, तेव्हा काठाचा एकेक धागा जेथे सुटा दिसायला हवा होता तेथे लाल रंग पांढऱ्यात पाझरल्यासारखा दिसत होता. छायाचित्राच्या संपादनासाठी हा सौदा मला मान्य नाही. दहा बिट मिळत असतील पण त्यासाठी आरजीबी सोडावे लागत असेल, तर मी आठ बिट आरजीबी ठेवतो आणि इतरांनाही तसेच ठेवायला सांगतो. टॉवेल विकत घेणारा काठ आणि वीण पाहतो. मागच्या कागदाचे पट्टे निस्तरायला दुसरे मार्ग आहेत, पाझरलेल्या रंगावरून केलेला चुकीचा निर्णय निस्तरायला नाहीत.

त्याच्या बाबतीत उपाय सोपा होता, कारण मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही डिस्प्लेपोर्ट होते. डिस्प्लेपोर्ट 1.2 मधून सुमारे 17.3 गिगाबिट जातात, आणि मॉनिटरसाठी चित्राभोवतीचा मोकळा काळ कमी केलेले टायमिंग वापरले जात असल्यामुळे फोर-के, 60 हर्ट्झ, दहा बिट आरजीबी सुमारे 16 गिगाबिटांत बसते. केबल बदलताच RGB च्या यादीत 10 bpc आले. ते निवडून `Output dynamic range` मध्ये Full आहे ना, हेही पाहिले. हा शेवटचा पर्याय कधी कधी एचडीएमआयवर Limited राहिलेला असतो. मग 0 ते 255 ऐवजी फक्त 16 ते 235 इतक्याच पायऱ्या वापरल्या जातात आणि आठ बिटांतील पट्टे आणखी रुंद होतात.

ज्यांचा मॉनिटर 2560 × 1440 पिक्सेलांचा आहे त्यांना ही अडचण येत नाही, कारण तेवढे चित्र 60 हर्ट्झवर दहा बिटांत एचडीएमआयमधूनही आरामात जाते.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. विंडोजमधील एचडीआरचे बटण चालू करणे म्हणजे दहा बिट आउटपुट चालू करणे नव्हे. एचडीआरमध्ये उजेडाची सगळी आखणीच बदलते. छापाईसाठी किंवा साध्या जेपीईजीसाठी काम करताना ते बंद ठेवावे आणि दहा बिट वर सांगितल्याप्रमाणे ड्रायव्हरमधून घ्यावेत.

फोटोशॉपला वेगळे सांगावे लागते

केबल बदलून झाल्यावर मित्राने उत्सुकतेने चाचणीची फाइल उघडली, आणि पट्टा पुन्हा दीड सेंटिमीटरच भरला. त्याचा चेहरा पडला. पण हे अपेक्षितच होते. ड्रायव्हर दहा बिट पाठवायला तयार झाला तरी त्याच्या हाती फोटोशॉप आठच बिट देत होता, आणि उरलेल्या दोन बिटांत भरायला काही नव्हतेच.

फोटोशॉपमध्ये `Preferences > Performance` येथे ग्राफिक्स प्रोसेसरच्या चौकटीत `Advanced Settings` उघडावे आणि `30 Bit Display` समोर खूण करावी. तीस म्हणजे तीन रंगांचे प्रत्येकी दहा. त्यानंतर फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडावा. हे चालण्यासाठी ड्रायव्हरनेही साथ द्यावी लागते. एनव्हिडियाच्या साध्या जीफोर्स कार्डांना फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममध्ये ही सोय 2019 च्या जुलैमध्ये आलेल्या स्टुडिओ ड्रायव्हरपासून मिळाली. त्याआधी ती क्वाड्रो कार्डांपुरतीच होती. म्हणून जुना ड्रायव्हर असेल तर तो आधी बदलावा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या प्रगत भागात `10-Bit Pixel Format` असा वेगळा पर्याय असतो, आणि तो चालू करून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

आता चाचणीच्या फाइलमधले दीड सेंटिमीटरचे पट्टे नाहीसे झाले. डोळे बारीक करून, दिवा मालवून पाहिल्यावर चार मिलिमीटरच्या फिक्या रेषा काय त्या भासत होत्या.

तरीही टॉवेलच्या मूळ फाइलमध्ये, मागच्या कागदावर, थोडे पट्टे दिसत होते. मी त्याला चित्र 100 टक्क्यांवर न्यायला सांगितले आणि ते गेले. तो सवयीने 33 टक्क्यांवर काम करत होता. 66.67 टक्क्यांपेक्षा लहान आकारात, फाइलमध्ये ॲडजस्टमेंट लेयर असतील तर फोटोशॉप त्यांचे झटपट पूर्वदृश्य कमी अचूकतेने तयार करतो, आणि त्यात जे पट्टे दिसतात ते फाइलमध्ये नसतात, मॉनिटरचेही नसतात. कर्व्ह्ज आणि लेव्हल्सचे तीन-चार लेयर एकावर एक असलेल्या फाइलीत हे हमखास घडते. संपूर्ण चित्र एका नजरेत पाहायचे असेल तर फाइलची प्रत करून ती फ्लॅटन करावी आणि मग लहान करून पाहावी. बँडिंगचा निर्णय मात्र 100 टक्क्यांवरच घ्यावा. लहान आकारात दिसलेल्या पट्ट्यांवर तासभर ब्रश फिरवून चांगली फाइल बिघडवलेली मी पाहिली आहे.

पट्ट्यांना गुलाबी-हिरवट झाक असेल तर

हा प्रश्न मित्राचा नव्हता, माझ्या स्वतःच्या जुन्या मॉनिटरचा होता. त्यावर करड्या उतारात पट्टे तर दिसतच, पण काही पट्टे किंचित गुलाबी आणि काही किंचित हिरवट असत. शिवाय त्यांची रुंदी सारखी नव्हती. मधूनच एखादा पट्टा दुप्पट रुंद येई. ही खूण कॅलिब्रेशनची आहे.

कॅलिब्रेशनचे साधे सॉफ्टवेअर मॉनिटरला हात लावत नाही. ते ग्राफिक्स कार्डातील रूपांतराच्या तक्त्यात तीन रंगांसाठी तीन वक्ररेषा भरते. माझा मॉनिटर मुळात बराच निळसर होता. छापाईशी जुळवण्यासाठी पांढरा रंग ऊबदार करताना निळ्याची कमाल 255 वरून 225 वर उतरवली गेली होती. म्हणजे निळ्याच्या 256 पायऱ्यांना आता फक्त 226 जागा उरल्या, आणि तीस ठिकाणी दोन शेजारच्या पायऱ्या एकच झाल्या. हिरव्याच्या आणि लालच्या पायऱ्या दुसरीकडे कोठेतरी एकमेकींत मिसळल्या. तीन रंगांच्या पायऱ्या एका जागी न पडल्यामुळे करड्याला झाक आली. आउटपुट आठ बिट असताना हे घडणारच. आउटपुट दहा बिट असेल तर त्याच तक्त्याला 1024 जागा मिळतात आणि पायऱ्या एकमेकींत मिसळत नाहीत. त्यामुळे ज्या प्रोग्रॅमला स्वतःला आठच बिट देता येतात, त्यालाही दहा बिट आउटपुटचा येथे खरा उपयोग होतो.

संशय खरा आहे का ते तपासायला तक्ता तात्पुरता रिकामा करून पाहावा. आर्गिल सीएमएस हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर पहिली आज्ञा तक्ता सरळ करते आणि दुसरी बसवलेल्या प्रोफाइलमधील कॅलिब्रेशन परत भरते:

```
dispwin -d 1 -c
dispwin -d 1 -L
```

पहिल्या आज्ञेनंतर झाक गेली आणि पट्टे सारख्या रुंदीचे झाले, तर दोष सापडला. येथे 1 हा मॉनिटरचा क्रमांक आहे. दोन मॉनिटर असतील तर तो बदलावा लागतो. पार्श्वभूमीत कॅलिब्रेशन परत भरणारा एखादा प्रोग्रॅम चालू असेल तर तो आधी बंद करावा, नाहीतर तक्ता लगेच पूर्ववत होतो.

माझा मॉनिटर आठच बिटांचा असल्याने मी दुसरा मार्ग धरला. कॅलिब्रेशन सुरू करण्यापूर्वी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतील लाल, हिरवा, निळा हे तीन गेन हाताने कमीजास्त करून पांढरा रंग लक्ष्याच्या जवळ आणला, आणि मग उरलेले बारीक काम सॉफ्टवेअरवर सोपवले. निळ्याची कमाल आता 252 च्या आसपास राहिली. झाक जवळजवळ नाहीशी झाली. ज्या मॉनिटरमध्ये हार्डवेअर कॅलिब्रेशनची सोय असते, त्यांत या वक्ररेषा मॉनिटरच्या आतील 14 किंवा 16 बिटांच्या तक्त्यात भरल्या जातात आणि हा प्रश्न उद्भवतच नाही. नवीन मॉनिटर घेताना खोक्यावरच्या अब्ज रंगांपेक्षा मी ही सोय आधी पाहीन. पॅनेल खरे दहा बिटांचे आहे की आठ बिटांचे असून शेजारच्या दोन छटा भराभर आलटून-पालटून दाखवत मधली छटा भासवणारे आहे, याची चिंता छायाचित्राच्या कामात करू नये; दोन्हींतला फरक बसल्या जागेवरून दिसत नाही.

ग्राहकाकडे जाणारी फाइल आठ बिटांचीच असते

मित्राच्या मॉनिटरवर आता कागद सलग दिसू लागला होता, आणि नेमक्या याच टप्प्यावर मी त्याला थांबवले. कारखान्याचे मालक कॅटलॉगची छायाचित्रे आधी फोनवर पाहतात, आणि छापखानाही जेपीईजीच मागतो. जेपीईजी आठ बिटांची असते. दहा बिटांच्या मॉनिटरवर सोळा बिटांची फाइल सुरेख दिसली, म्हणून तिची जेपीईजी दुसऱ्याच्या फोनवर तशीच दिसेल असे नाही. उलट आठ बिटांच्या मॉनिटरवर काम करणाऱ्याला जो दोष आधीच दिसला असता, तो दहा बिटांमुळे शेवटपर्यंत झाकला जाऊ शकतो.

म्हणून फाइल सोळा बिटांत असतानाच मागच्या कागदाची निवड करून `Filter > Noise > Add Noise` मधून सुमारे 0.5 ते 1 टक्का नॉइज द्यावा. `Gaussian` निवडावे आणि `Monochromatic` समोर खूण ठेवावी, म्हणजे रंगीत ठिपके येत नाहीत. एवढा नॉइज छापील कागदावर दिसत नाही, पण पायऱ्यांच्या कडा विसकटायला पुरतो. आठ बिटांत बदलून झाल्यावर नॉइज दिला तर पायऱ्या आधीच पडलेल्या असतात आणि त्या झाकायला त्याहून जास्त नॉइज लागतो. त्यानंतर `Convert to Profile` मधून sRGB करताना `Use Dither` ची खूण राहू द्यावी. जेपीईजीची गुणवत्ता 10 च्या खाली नेऊ नये. ती फार उतरवली तर बारीक नॉइज दाबला जातो आणि पट्ट्यांऐवजी 8 × 8 पिक्सेलांचे चौकोन दिसू लागतात. चौकोनी ठोकळे दिसले की दोष कॉम्प्रेशनचा समजावा. त्यासाठी केबलकडे जाण्याचे कारण नाही.

मित्राने लाल काठाच्या टॉवेलची फाइल 0.7 टक्के नॉइज देऊन, गुणवत्ता 11 ठेवून जेपीईजी केली, ती बंद करून पुन्हा उघडली आणि 100 टक्क्यांवर कागदाचा खालचा कोपरा पाहिला. मग तीच फाइल आम्ही त्याच्या फोनवर, माझ्या फोनवर आणि स्टुडिओतल्या जुन्या आठ बिटांच्या लॅपटॉपवर उघडली. लॅपटॉपवर डाव्या कोपऱ्यात एक पुसट पायरी उरली होती, नॉइज 0.9 वर नेल्यावर तीही गेली, आणि ती फाइल त्याने त्याच संध्याकाळी कारखान्याकडे पाठवली.